एक खिडकी, एक रिफ्लेक्टर

खिडकीशी बसलेल्या माणसाशी आपण गप्पा मारतो तेव्हा त्याचा अर्धा चेहरा अंधारात आहे असं आपल्याला कधी जाणवत नाही. त्याचे दोन्ही डोळे दिसतात, हसताना पडणाऱ्या गालावरच्या रेघा दिसतात, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडरही वाचता येतं. त्याच जागेवरून, त्याच वेळी कॅमेरा लावला की चित्र वेगळंच येतं. खिडकीकडचा गाल पांढरा फटक, दुसरी बाजू काळी, आणि त्या काळ्या बाजूचा डोळा जणू नाहीच.

खोली तीच असते, पण पाहण्याची रीत वेगळी असते. आपली नजर सतत फिरत असते. उजळ गालावरून ती सावलीतल्या डोळ्यावर गेली की डोळे आणि मेंदू मिळून तिथल्या उजेडाशी जमवून घेतात, आणि आपल्या मनात उरतं ते या सगळ्या तुकड्यांचं मिळून झालेलं एक चित्र. कॅमेऱ्याला सबंध चौकटीसाठी एकच मोजमाप धरावं लागतं. म्हणून मुलाखत ‘नैसर्गिक’ दिसावी असं आपण म्हणतो तेव्हा खरं तर समोर बसलेल्याला तो माणूस जसा दिसला असता तसा पडद्यावर दिसावा, एवढंच म्हणत असतो. नुसता आहे तो उजेड जसाच्या तसा ठेवून ते साधत नाही. थोडी मदत लागते, आणि एका खिडकीला एका रिफ्लेक्टरची मदत बहुतेक वेळा पुरते.

काळी बाजू दिसली की घरातलं कोणीतरी उठून ट्यूबलाइट लावतं. तिथेच घात होतो. आभाळाच्या उजेडात निळसर छटा असते, पिवळ्या बल्बचा उजेड पुष्कळ तांबूस असतो आणि स्वस्तातल्या ट्यूबमध्ये हिरवट झाक निघते. दोन रंगांचे उजेड एकाच चेहऱ्यावर पडले की कॅमेऱ्यातला व्हाइट बॅलन्स एकाचीच बाजू घेऊ शकतो. दुसऱ्या रंगाचा डाग गालावर राहतो आणि एडिटिंगमध्येही तो नीट पुसला जात नाही. शिवाय छताजवळचा दिवा डोळ्यांच्या खोबणीत सावली टाकतो. म्हणून पहिलं काम म्हणजे खोलीतले सगळे दिवे बंद करायचे, आणि व्हाइट बॅलन्स आपोआप बदलू न देता साधारण ५६०० ते ६५०० केल्विनच्या दरम्यान चेहरा पाहून एकदा बांधून टाकायचा.

खिडकीचा उजेड चेहऱ्याला इतका मानवतो तो तिच्या आकारामुळे. उघडा बल्ब हा एक ठिपका असतो; त्याची सावली कडेला धारदार पडते. खिडकी हे उजेडाचं एक मोठं पान असतं. नाकाने तिचा एक भाग झाकला तरी दुसऱ्या भागातून उजेड येतच राहतो, त्यामुळे सावलीची कड विरत जाते. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’साठी १९५६ साली छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी हेच तत्त्व स्टुडिओत उतरवलं होतं. बनारसच्या घराचा चौक कलकत्त्यात सेट म्हणून उभा केला होता आणि अशा चौकात उजेड वरच्या उघड्या आभाळातून येतो. मित्रांनी सेटच्या वर पांढरं कापड ताणलं आणि दिवे थेट माणसांवर न रोखता त्या कापडावर मारले. खाली आला तो परतलेला, पसरलेला उजेड. आभाळ म्हणजे छाया न टाकणारं एक प्रचंड छत, हे त्यांनी नीट पाहिलं होतं.

पण मोठेपणा हा अंतरावर अवलंबून असतो. चार फूट रुंद खिडकी चार फुटांवरून भलीमोठी वाटते, बारा फुटांवरून ती छोटा चौकोन होते आणि तिच्या सावल्याही तितक्याच कठीण होतात. बोलणाऱ्याला खिडकीपासून साधारण तिच्या रुंदीइतक्या अंतरावर, फार तर दीडपट अंतरावर बसवावं. खिडकी हलवता येत नाही, म्हणून या कामात सगळी प्रकाशयोजना खुर्ची हलवण्यातच असते. दिवे लावायला शिकलेल्या लोकांना हे पटायला वेळ लागतो.

एक प्रत्यक्ष खोली घेऊ. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात पखवाज बनवणाऱ्या बुवांशी बोलायचं होतं. दहा बाय बाराची खोली, भिंतींना पोपटी ऑइलपेंट, उत्तरेच्या भिंतीत चार फूट रुंद आणि चार फूट उंच खिडकी. तिची खालची कड जमिनीपासून तीन फुटांवर. बुवांचा रंग गडद सावळा. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर पांढरी टोपी. आपल्याकडे गावात मुलाखत घ्यायला जाणाऱ्या कोणालाही हे दृश्य ओळखीचं असेल, आणि कॅमेऱ्याच्या दृष्टीने ते अवघडातलं अवघड आहे.

उत्तरेची खिडकी मिळणं ही मोठी सोय. वर्षाच्या बऱ्याच काळात तिच्यातून थेट ऊन येत नाही, फक्त आभाळ येतं. मात्र ही सोय बाराही महिने गृहीत धरता येत नाही. सातारा-पुण्याच्या अक्षांशावर साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्यसुद्धा डोक्याच्या किंचित उत्तरेकडून जातो, आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतही तिरपं ऊन शिरतं. ऊन आलं की ग्रिलची नक्षी चेहऱ्यावर उमटते. तेव्हा खिडकीवर बटर पेपर किंवा धुतलेलं पांढरं धोतर एकेरी ताणून बांधायचं. ऊन त्या कापडावर पडतं आणि मग ते कापडच खिडकीइतका मोठा दिवा होऊन उजेड देतं. बुवांच्या घरी नोव्हेंबरची सकाळ होती, त्यामुळे काही बांधावं लागलं नाही. फक्त स्लायडिंगच्या काचा पूर्ण सरकवल्या, कारण त्यांवर तपकिरी फिल्म होती आणि ती उजेडाचा रंगच बदलत होती.

“बुवा, खुर्ची जरा इकडे घेऊ का? उजेड चांगला येतोय,” असं म्हणून त्यांना खिडकीपासून चार फुटांवर बसवलं. पण खिडकीच्या अगदी बाजूला नाही. माणूस खिडकीला बरोबर काटकोनात बसला की नाकाच्या मधोमध रेघ मारल्यासारखा चेहरा दोन भागांत तुटतो. खुर्ची दोन-अडीच फूट मागे घेतली, म्हणजे खिडकी त्यांच्या उजव्या हाताला पण किंचित पुढे आली. आता नाकाची सावली डाव्या गालावर तिरपी उतरून ओठांच्या कोपऱ्याकडे गेली आणि डाव्या डोळ्याखाली उजेडाचा एक छोटा त्रिकोण उमटला. तो त्रिकोण शोधायचा. तो नसेल तर माणूस खिडकीच्या फार बाजूला आहे. त्रिकोण पसरून सगळा गालच उजळला असेल तर त्याचं तोंड खिडकीकडे फार वळलं आहे आणि चेहरा सपाट दिसणार.

यापुढची गोष्ट बहुतेक लोक उलटी करतात. प्रश्न विचारणारा कुठे बसतो यावर बोलणाऱ्याचं तोंड कुठे वळणार ते ठरतं. कॅमेऱ्यातून पाहताना खिडकी डावीकडे असेल तर प्रश्न विचारणाऱ्यानेही डावीकडेच, म्हणजे कॅमेरा आणि खिडकी यांच्या मधे, लेन्सला अगदी लगटून बसायचं. मग बोलणारा त्याच्याकडे पाहताना थोडा खिडकीकडे वळतो, त्याच्या चेहऱ्याची पलीकडची बाजू उजळते आणि सावलीची बाजू कॅमेऱ्याकडे येते. गालाची गोलाई, कपाळाचं वळण, हनुवटीची कड हे सगळं सावलीमुळेच कळतं, म्हणून ती सावली प्रेक्षकाच्या बाजूला हवी. विचारणारा दुसऱ्या बाजूला बसला की उजळलेला रुंद गाल कॅमेऱ्यासमोर येतो, नाक-डोळे पलीकडे अंधारात वळतात आणि चेहरा विनाकारण जाड दिसतो. एकाही दिव्याचा खर्च न करता, नुसती एक खुर्ची डावीकडून उजवीकडे नेल्याने मुलाखत बिघडते किंवा सुधारते.

खिडकीच्या खालच्या भागाचा विचार फारसा कोणी करत नाही, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. खिडकीच्या वरच्या भागातून आभाळ दिसतं, तिथला उजेड खाली उतरत येतो. खालच्या भागातून अंगण किंवा रस्ता दिसतो, तिथून परतलेला उजेड वर चढत येतो आणि नाकपुड्या, हनुवटीची खालची बाजू उजळतो. चेहरा आपल्याला ओळखीचा वाटतो तो वरून येणाऱ्या उजेडात, कारण सूर्य आणि आभाळ दोन्ही वरच असतात. खुर्चीवर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून चारेक फुटांवर येतात. बुवांच्या खिडकीची कड तीन फुटांवर होती, म्हणून खालचा एक फूट घडी केलेल्या सतरंजीने झाकला. माणूस सतरंजीवर मांडी घालून बसणार असेल तर हा प्रश्न उद्भवतच नाही. खिडकी आपोआप वर राहते. मला स्वतःला खुर्चीपेक्षा ती बैठक जास्त आवडते, पण गुडघ्यांची तक्रार असलेल्या वयस्क माणसाला चित्रासाठी खाली बसवू नये.

आता रिफ्लेक्टर. घडी होणारा गोल मिळतो त्याचा व्यास साधारण एकशे दहा सेंटिमीटर असतो, आणि बहुतेकांना पांढरी, चंदेरी, सोनेरी, काळी अशा बाजू असतात. एक मीटर लांब, अर्धा मीटर रुंद असे दोन थर्माकोल चिकटपट्टीने जोडले तरी तेच काम होतं. बुवांच्या खोलीत दिवे बंद केल्यावर उजळ गाल आणि सावलीतला गाल यांच्यात जवळपास आठ पटींचा फरक होता. हे मोजायला वेगळं यंत्र लागत नाही. कॅमेऱ्याचं स्पॉट मीटरिंग आधी एका गालावर आणि मग दुसऱ्यावर धरायचं. शटर आणि अॅपर्चर तेच ठेवून उजळ गालाला आयएसओ ४०० पुरत असेल आणि सावलीतल्या गालाला ३२०० लागत असेल, तर फरक आठ पटींचा. पडद्यावर हे नाट्यमय दिसतं, गुन्हेगारी मालिकेत शोभेल असं. पखवाजाला शाई कशी भरतात ते मोकळेपणाने सांगणाऱ्या माणसासाठी तीन ते चार पट फरक योग्य. दोन पटींच्या खाली गेलं की बाजूला काहीतरी धरलं आहे हे कळायला लागतं.

पांढरी बाजू घेऊन रिफ्लेक्टर बुवांच्या डाव्या हाताला, चेहऱ्याच्या किंचित पुढे उभा केला. चार फुटांवर असताना काहीच फरक पडल्यासारखं वाटलं नाही. इथे बरेच जण पांढऱ्याचा नाद सोडून चंदेरी बाजू फिरवतात. वास्तविक पांढरा पृष्ठभाग आलेला उजेड सगळीकडे विखरून टाकतो, म्हणून त्याला जवळच न्यावं लागतं. तोच रिफ्लेक्टर दीड-दोन फुटांवर, जवळपास चौकटीच्या कडेला टेकेल इतका आत आणला, तेव्हा सावलीच्या गालाला आयएसओ १४०० च्या आसपास पुरायला लागलं. म्हणजे फरक साडेतीन पटींवर आला. चंदेरी बाजू उजेड एका दिशेने फेकते. तिच्याने सावली लवकर भरते खरी, पण गालावर दुसरी, वेगळ्या दिशेची चमक येते आणि बोलणारा डोळे बारीक करतो. रिफ्लेक्टर सहा-सात फुटांच्या आत नेताच येत नसेल तेव्हाच ती कामाची. सोनेरी बाजू खिडकीच्या उजेडासोबत वापरूच नये. एक गाल निळसर आणि एक हळद लावलेला दिसतो.

अंतर डोळ्यांनी ठरवायची एक साधी रीत आहे. एकाने स्क्रीनवर फक्त सावलीतल्या डोळ्याकडे पाहत राहायचं, दुसऱ्याने रिफ्लेक्टर हळूहळू आत आणायचा. त्या डोळ्याची बाहुली आणि पांढरा भाग वेगळे कळायला लागले की थांबायचं आणि मग वीतभर मागे सरायचं. हा मागे सरायचा भाग सोडू नये. सावली भरायचा मोह पुढे पुढे नेतो आणि सावली पूर्ण भरली की खिडकीचा उजेड कुठल्या बाजूने येतो हेच प्रेक्षकाला कळेनासं होतं.

उंचीचीही चूक सर्रास होते. रिफ्लेक्टर मांडीवर किंवा जमिनीवर आडवा ठेवला की उजेड खालून वर जातो, आणि टॉर्च हनुवटीखाली धरल्यावर जसा चेहरा परका होतो तशी त्याची सौम्य आवृत्ती पडद्यावर येते. हे ओळखायचं असेल तर बुबुळात पाहावं. खिडकीची चमक बुबुळाच्या वरच्या भागात, घड्याळात दहा किंवा दोन वाजतात त्या जागी हवी. खालच्या भागात दुसरा पांढरा ठिपका दिसला तर रिफ्लेक्टर फार खाली आहे. तो उभा, आणि त्याचा मध्य चेहऱ्याच्या उंचीवर हवा. बुवांच्या बाबतीत खालून उजेड द्यायची गरजही नव्हती, कारण त्यांचा पांढरा सदराच ते काम करत होता. हनुवटीखाली जेवढा हवा तेवढा उजेड सदऱ्यावरून येत होता.

रिफ्लेक्टर हातात धरून कोणाला बसवलं तर अर्ध्या तासात हात दुखतो, रिफ्लेक्टर डुलतो आणि गालावरची सावली श्वास घेतल्यासारखी हलत राहते. त्या माणसाच्या ते लक्षातही येत नाही, एडिटिंगला बसल्यावर दिसतं. दुसऱ्या खुर्चीच्या पाठीला कपड्यांच्या चिमट्यांनी तो अडकवून टाकावा. पंखा आवाजासाठी बंद करावाच लागतो. त्याने रिफ्लेक्टरही हलत नाही.

पोपटी भिंतींनी मात्र वेगळंच काम लावलं होतं. सावलीचा गाल अगदी काळा कधीच नसतो. समोरच्या भिंतीवरून परतलेला उजेड त्यावर पडतच असतो, आणि भिंत पोपटी असेल तर तो उजेडही पोपटी असतो. सावळ्या रंगावर ही झाक आजारपणासारखी दिसते. रिफ्लेक्टर जवळ आणल्याचा दुसरा फायदा इथे झाला. त्याने नुसता पांढरा उजेड दिला नाही, तर गाल आणि भिंत यांच्या मधे उभं राहून भिंतीचा बराच रंग अडवला. कोकणात हीच अडचण खिडकीबाहेरून येते. खिडकीला लागूनच आंबा किंवा माडा-पोफळीची बाग असेल तर येणारा उजेडच पानांवरून हिरवा होऊन येतो, आणि त्यावर रिफ्लेक्टरचा इलाज नाही. तिथे आभाळ दिसणारी दुसरी खिडकी शोधावी.

एक्स्पोजर ठरवताना पांढरी टोपी आणि सावळा चेहरा यांची ओढाताण होते. पांढरं कापड सावळ्या त्वचेपेक्षा कित्येक पट उजेड परत फेकतं. कॅमेरा ऑटोवर असेल तर तो टोपी-सदऱ्याला भिऊन सगळं चित्र काळवंडतो, आणि मग चेहऱ्याचा काळोख दूर करायला लोक रिफ्लेक्टर आणखी आत खुपसतात. आधी एक्स्पोजर हाताने चेहऱ्यासाठी ठरवायचं. टोपीची वरची कड पांढरी होऊन गेली तर जाऊ द्यावी; कपाळ आणि उजळ गालावरची त्वचा मात्र जळता कामा नये. मोबाइलवर शूट करत असाल तर चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की बऱ्याच फोनमध्ये एक्स्पोजर आणि फोकस तिथेच बांधला जातो. टोपी काढायला सांगणं हा उपाय नाही. ती त्या माणसाची आहे, आणि गांधी टोपीला पुढे झाप नसल्याने तिची सावली डोळ्यांवर पडतही नाही. फेटा किंवा मुंडासं असेल तर खुर्ची खिडकीपासून थोडी आणखी लांब घ्यावी, म्हणजे उजेड कमी उंचीवरून येऊन कपाळाखाली पोचतो.

सावळ्या चेहऱ्याचं आणखी एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावं. त्याचा आकार जितका सावलीतून, तितकाच त्वचेवरच्या चमकेतून उमटतो. मोठ्या खिडकीची लांबट, मऊ चमक गालफडावर आली तर ती राहू द्यावी, पावडर फासून मारू नये. पंखा बंद झाल्यावर कपाळावर येणारा घाम तेवढा रुमालाने अलगद टिपून घ्यावा.

चष्मा असेल तर काचेत खिडकी किंवा रिफ्लेक्टरचा पांढरा चौकोन दिसतो. चष्म्याच्या काड्या कानांवरून अर्धा सेंटिमीटर वर उचलून ठेवल्या की काचा किंचित खाली झुकतात आणि प्रतिबिंब खाली निघून जातं. एवढ्याने भागलं नाही तर रिफ्लेक्टर अजून बाजूला सरकवावा.

मागची भिंत बुवांपासून शक्य तितकी दूर ठेवली. चार फूट खिडकीपासून आठ फुटांवर गेलं की तिचा उजेड साधारण तिसऱ्या हिश्शावर येतो, म्हणून खोलीच्या आतली, खिडकीपासून दूरची भिंत पार्श्वभूमीला आली की ती आपोआप मंद होते आणि चेहरा वेगळा उठून येतो. भिंत फारच काळी वाटली तर खुर्ची खिडकीपासून थोडी लांब न्यायची. चेहरा आणि भिंत यांच्यातला फरक कमी होतो.

या पद्धतीची खरी मर्यादा वेळ आहे. स्वच्छ आभाळाच्या सकाळी दहा ते बारा उत्तरेचा उजेड पुष्कळसा स्थिर राहतो. तुटक ढगांच्या दिवशी मात्र एका वाक्यात चेहरा उजळतो आणि पुढच्या वाक्यात मावळतो, आणि ही दोन वाक्यं एडिटिंगमध्ये शेजारी ठेवता येत नाहीत. ऑटो एक्स्पोजर अशा वेळी आणखी घोळ घालतं, म्हणून ते बंदच ठेवावं. ढग आला तर उत्तर पूर्ण होऊ द्यावं आणि उजेड परत आल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारावा. सलग भरून आलेलं पावसाळी आभाळ त्यापेक्षा कितीतरी बरं; उजेड कमी असतो पण तासन्‌तास तसाच राहतो. दुपार कलल्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी उजळ गालावर पुन्हा मोजून पाहावं. सुरुवातीला ४०० आयएसओवर जमलेलं चित्र १६०० वर गेलं की सावलीत दाणे दिसायला लागतात आणि रंगही बदललेला असतो. बुवांच्या वेळी शाईची माहिती झाली, पण पुडी मढवण्याची बाकी राहिली होती. खुर्चीच्या पायांभोवती आणि रिफ्लेक्टरच्या जागेवर फरशीवर खडूने खुणा केल्या, आयएसओ आणि केल्विनचे आकडे वहीत लिहून घेतले, बुवांना उद्याही हाच सदरा घाला म्हणून सांगितलं, आणि राहिलेला भाग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला घेतला.